पीआयपीचं पत्र हातात आल्यावर: पहिल्या दिवसापासून निर्णयापर्यंत

दुपारी मॅनेजरचं मीटिंगचं निमंत्रण येतं. विषयात नुसतं ‘चर्चा’ लिहिलेलं असतं आणि यादीत एचआरचंही नाव दिसतं. वीस मिनिटांत कळतं की पुढचे 30, 60 किंवा 90 दिवस आपण परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅनवर, म्हणजे पीआयपीवर आहोत. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत नव्याने लागलेल्यांना हा शब्द माहीत असतो, पण पत्र हातात पडल्यावर नेमकं काय करायचं हे सांगणारं जवळ कुणी नसतं. घरी सांगायची लाज वाटते आणि टीममध्ये विचारायची भीती.

मी बरीच वर्षं टीम लीड आणि नंतर मॅनेजर म्हणून काम केलं आहे. अशा बैठकांत टेबलाच्या त्या बाजूलाही बसलो आहे. या प्रकरणात दोन प्रश्न असतात आणि लोक ते एकात एक मिसळतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. एक, हा पीआयपी पार पडेल का? दुसरा, पार पडला तरी इथे राहण्यात अर्थ आहे का? पहिल्याचं उत्तर कामातून आणि कागदांतून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पैशांचा हिशोब आणि कंपनीचे नियम बघितल्यावर मिळतं. दोन्ही वेगवेगळे सोडवले की डोकं बरंच शांत राहतं.

त्या बैठकीत

त्या दिवशी कमीत कमी बोला. आपली बाजू मांडायची, जुने मेल काढून दाखवायचे, ‘मागच्या रिलीजला रात्री दोनपर्यंत कोण बसलं होतं’ असं विचारायचं, हे सगळं अगदी स्वाभाविक आहे. पण त्या खोलीत निर्णय बदलत नाही. पत्र निघण्याआधी मॅनेजर, त्याचा वरिष्ठ आणि एचआर यांच्यात ते ठरून गेलेलं असतं. तुम्ही चिडून बोललात तर तेवढंच नोंदीत राहतं.

दोन गोष्टी मात्र विचारा. पत्राची प्रत मेलवर मिळेल का, आणि वाचून उत्तर द्यायला दोन दिवस मिळतील का. सही लगेच मागितली तर आधी वाक्य वाचा. ‘हे पत्र मिळालं’ अशा अर्थाची सही करायला हरकत नसते. ‘यातले सर्व मुद्दे मला मान्य आहेत’ असं लिहिलं असेल तर सहीशेजारी ‘पत्र मिळालं, माझं म्हणणं मेलवर कळवेन’ एवढं लिहून तारीख टाका. ऑनलाइन पोर्टलवर नुसतं बटण असेल तर ते दाबून त्याच दिवशी हेच वाक्य मेलने पाठवा.

आणि राजीनाम्याचा विषय निघालाच, तर ‘विचार करून कळवते’ याच्यापुढे जाऊ नका. ‘आत्ता राजीनामा दिलात तर तुमच्याच फाइलवर डाग राहणार नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. त्यात तथ्य असू शकतं, पण ते त्याच दिवशी खरं आणि पुढच्या आठवड्यात खोटं, असं कधीच नसतं.

पहिले दोन दिवस: कागद गोळा करा

पहिल्या संध्याकाळी नेमणूक पत्र शोधा. बहुतेकांनी ते रुजू झाल्यावर पुन्हा उघडलेलं नसतं. त्यात चार गोष्टींवर खूण करा. नोटीस पीरियड किती दिवसांचा आहे. तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे का, की कामगिरीच्या कारणावरून काढताना कंपनीने स्वतःसाठी कमी मुदत ठेवली आहे. नोटीसऐवजी पैसे द्यायचे झाल्यास ते बेसिकवर मोजायचे की पूर्ण पगारावर. आणि जॉइनिंग बोनस किंवा प्रशिक्षणाचा खर्च परत मागणारी अट आहे का. असली तर ती फक्त राजीनाम्याला लागू आहे की कंपनीने काढल्यावरही.

मग पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, फॉर्म 16 आणि पीआयपीचं पत्र अशी स्वतःची कागदपत्रं उतरवून घ्या. पगाराचं पोर्टल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं आणि नंतर एकेका स्लिपेसाठी महिनाभर मेल करत बसावं लागतं.

इथे एक सावधगिरी. घाबरलेला माणूस कामाचे मेल, डिझाइनची डॉक्युमेंट्स, क्लायंटशी झालेलं बोलणं असं सगळं वैयक्तिक जीमेलवर पाठवायला लागतो. ते करू नका. कंपनीच्या यंत्रणेला असं पाठवणं दिसतं, आणि गोपनीयतेच्या अटीचा भंग हे पीआयपीची वाट न बघता काढून टाकायला पुरेसं कारण होतं. त्याऐवजी साधी वही ठेवा. तारीख, कोणतं काम, कुणी काय सांगितलं, कोणत्या तिकिटाचा नंबर, एवढ्या स्वतःच्या शब्दांतल्या नोंदी पुरतात. क्लायंटचं नाव किंवा कोड त्यात नको.

उत्तराचा मेल

तिसऱ्या दिवसापर्यंत उत्तर गेलं पाहिजे. या मेलचं काम वाद घालणं नाही. ‘सुधारणा’ म्हणजे नेमकं काय, हे समोरच्याकडून लिहून घेणं हे त्याचं काम आहे. पत्रात ‘ओनरशिप वाढवा’, ‘प्रोॲक्टिव्ह व्हा’, ‘क्वालिटी सुधारा’ अशी वाक्यं असतात. साठ दिवसांनी ती साध्य झाली की नाही, हे मॅनेजरच्या मनावर राहतं. म्हणून प्रत्येक वाक्याला तुम्हीच मोजता येईल असं रूप सुचवायचं. भाषा कंपनीत चालते ती वापरा, आशय साधारण असा:

> पीआयपीचं पत्र मिळालं. त्यातली उद्दिष्टं पूर्ण करण्याचा माझा प्रयत्न राहील. दोन्ही बाजूंना स्पष्टता राहावी म्हणून मला समजलेले निकष खाली देत आहे. यात बदल हवा असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावं.
> 1. ‘क्वालिटी सुधारणे’: मी टेस्ट केलेल्या फीचरमध्ये रिलीजनंतर गंभीर दोष सापडू नये, मध्यम दोष प्रत्येक स्प्रिंटमध्ये एकापेक्षा जास्त नसावा.
> 2. ‘वेळेत काम’: स्प्रिंटच्या सुरुवातीला मी स्वीकारलेल्या तिकिटांपैकी 90 टक्के त्याच स्प्रिंटमध्ये पूर्ण व्हावीत. दुसऱ्या टीममुळे अडलेली तिकिटं वेगळी मोजावीत. ती अडल्याच्याच दिवशी मी लेखी कळवेन.
> 3. दर बुधवारी अर्ध्या तासाचा आढावा व्हावा. त्याची टिपणं मी त्याच दिवशी मेलवर पाठवेन.
> शेवटचा निर्णय कोण आणि कोणत्या निकषांवर घेणार, तसंच पीआयपी यशस्वी झाल्यास पुढच्या अप्रेझलवर आणि अंतर्गत बदलीवर काय परिणाम होईल, हेही कळवावं.

पत्रात वस्तुस्थितीची चूक असेल, म्हणजे तुम्ही रजेवर असतानाची डेडलाइन तुमच्या नावावर टाकली असेल, तर ती एका वाक्यात तारखेसकट दुरुस्त करा. मोठा निबंध नको. पाच पानांचं स्पष्टीकरण कुणी वाचत नाही. एक ठोस तारीख मात्र फाइलमध्ये कायमची राहते.

या मेलला काय उत्तर येतं, तो तुमचा पहिला खरा पुरावा. मॅनेजरने आकड्यांत बदल सुचवले, हुज्जत घातली, एखादा निकष कडक केला, तर चांगलं लक्षण आहे. तो हे मोजणार आहे. ‘पत्रात आहे तेच अंतिम’ असं एका ओळीचं उत्तर आलं, किंवा आठवडाभर काहीच आलं नाही, तर दुसरी तयारी त्याच दिवशी सुरू करा.

दुसरा ते चौथा आठवडा: वारा कुठला आहे ते ओळखा

पीआयपी का येतो याची कारणं सगळी एका जातीची नसतात. कधी खरंच कामात खोट असते. कधी अप्रेझलमध्ये प्रत्येक टीममधून कुणालातरी तळच्या रेटिंगमध्ये बसवावं लागतं. कधी प्रोजेक्टचं बजेट कमी झालेलं असतं, तर कधी नवीन मॅनेजरला आपली माणसं आणायची असतात. कारण तुम्हाला कुणी सांगणार नाही, पण रोजच्या कामात ते दिसतं.

दाराकडे ढकलत असतील तर बुधवारचा आढावा दोनदा रद्द होतो आणि पुन्हा ठरत नाही. उद्दिष्टांशी संबंध नसलेली कामं अंगावर येतात. पुढच्या तिमाहीच्या नियोजनात तुमचं नाव कुठल्याही फीचरसमोर नसतं. ‘सहज, बॅकअप म्हणून’ कुणाला तरी केटी द्यायला सांगतात. एखाद्या रिपॉझिटरीचा किंवा क्लायंटच्या कॉलचा ॲक्सेस न सांगता जातो. यातलं एकच घडलं तर निष्कर्ष काढू नका, मॅनेजरही गडबडीत असतात. तीन गोष्टी एका महिन्यात घडल्या तर मात्र समजून घ्या.

उलट, मॅनेजर वेळ काढतो, सोबत एखादा सीनियर देतो, वाईटाबरोबर चांगलंही लेखी सांगतो, पुढच्या रिलीजमध्ये तुमच्यासाठी काम राखून ठेवतो, तेव्हा त्याला तुम्ही हवे असता. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, बॅकएंडवर काम करणारा. त्याचा कोड चालायचा, पण रिव्ह्यूतल्या सूचना तो न वाचताच ‘झालं’ म्हणून बंद करायचा, आणि तेच दोष टेस्टिंगमध्ये वर यायचे. पीआयपीत आम्ही एकच मुख्य निकष ठेवला: एकाच कारणासाठी रिव्ह्यू दुसऱ्यांदा परत येऊ नये. त्याने मॉनिटरशेजारी आठ मुद्द्यांची यादी चिकटवली आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टआधी ती तपासायला लागला. महिन्याभरात फरक इतका स्पष्ट होता की शेवटच्या बैठकीत चर्चा करण्यासारखं काही उरलंच नाही. दोष खरा होता, नेमका होता आणि त्याच्या हातात होता. या तिन्ही गोष्टी जुळल्या की थांबून लढण्यात अर्थ असतो.

दर आठवड्याचं टिपण चुकवू नका. आढावा रद्द झाला तरी मेल जायला हवा: ‘आजचा आढावा झाला नाही, या आठवड्यात ही कामं पूर्ण, हे तिकीट अमुक टीममुळे सोमवारपासून अडलेलं.’ आजारी पडलात, घरात कुणी दवाखान्यात असेल, तर रजेबरोबरच तेवढे दिवस पीआयपीची मुदत वाढवून देण्याची विनंती लेखी करा. तोंडी ‘चालेल चालेल’वर विसंबू नका.

राहण्याचा हिशोब

आता दुसरा प्रश्न. इथे एका मुलीची गोष्ट सविस्तर सांगतो. ती माझ्या जुन्या टीममधली टेस्ट इंजिनिअर. तिच्या परवानगीने सांगतो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती 1 जुलै 2020 ला रुजू झाली; लॅपटॉप कुरिअरने घरी आला होता. 3 फेब्रुवारी 2025 ला तिला साठ दिवसांचा पीआयपी मिळाला, म्हणजे शेवटचा दिवस 3 एप्रिल. नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना 90 दिवस. बेसिक 52,000, हातात येणारे 98,000. वाघोलीतल्या फ्लॅटचा हप्ता 34,000. आई सोबत राहते, तिच्या मधुमेहाच्या औषधांसकट घरखर्च धरला तर महिन्याला 72,000 लागायचे. शिल्लक 2,60,000. म्हणजे पगार थांबला तर साधारण साडेतीन महिने.

हा आकडा सगळ्यात आधी काढायचा. साडेतीन महिन्यांचा श्वास असलेला माणूस आणि एका महिन्याचा श्वास असलेला माणूस एकाच सल्ल्याने वागू शकत नाहीत.

तिने मला फोन केला तेव्हा तिचा सूर ‘उद्या राजीनामा टाकते आणि मोकळी होते’ असा होता. मी तिला रुजू झाल्याची तारीख विचारली. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग पाच वर्षं सेवा लागते, आणि तिची पाच वर्षं 30 जून 2025 ला पूर्ण होत होती. तेव्हाचं सूत्र सोपं होतं: शेवटचं बेसिक आणि असल्यास महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. तिच्या बाबतीत वर्षाला 30,000, म्हणून पाच वर्षांचे 1,50,000. आणि दिवस मोजले तर 4 एप्रिलला नोटीस सुरू झाल्यास नव्वदावा दिवस 2 जुलै. दोन दिवसांनी का होईना, पाच वर्षं भरत होती. नोटीसच्या काळात तुम्ही कंपनीच्या पटावर असता, त्यामुळे ते दिवस सेवेत धरले जातात.

(पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की पुरे, असं मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलेलं आहे आणि काही कंपन्या ते मानतात. तिच्या कंपनीचं धोरण पूर्ण पाच वर्षांचं होतं. हक्कासाठी भांडण्याची वेळ येणार असेल तर तो पैसा हिशोबात धरू नये.)

पाचव्या आठवड्यात, 7 मार्चला, एचआरने प्रस्ताव ठेवला: आज राजीनामा द्या, 22 मार्चला रिलीव्ह करतो, दोन महिन्यांचं बेसिक देतो. म्हणजे 1,04,000. ऐकताना ही रक्कम बरी वाटते. आम्ही कागद घेऊन तीन ओळी लिहिल्या.

प्रस्ताव घेतला तर 22 मार्चनंतर मिळणार 1,04,000.

पीआयपी संपेपर्यंत थांबली आणि कंपनीने 3 एप्रिलला नोटीसऐवजी पैसे देऊन काढलं, तर आणखी बारा दिवसांचा पगार, साधारण 39,000, आणि नेमणूक पत्राप्रमाणे तीन महिन्यांचं बेसिक 1,56,000. एकूण सुमारे 1,95,000.

पीआयपी संपल्यावर नोटीस पूर्ण केली, तर 2 जुलैपर्यंतचा पगार सव्वातीन लाखांच्या आसपास, वर ग्रॅच्युइटी 1,50,000. एकूण पावणेपाच लाख. शिवाय तेवढे महिने आईचा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतला विमा चालू.

थांबण्यातला वाईट पर्यायही प्रस्तावापेक्षा सरस होता, कारण कंपनी देऊ करत होती ती रक्कम तिच्याच नेमणूक पत्रातल्या नोटीसच्या पैशांपेक्षा कमी होती. हे एकदा समोर दिसल्यावर तिचा आवाजच बदलला. तुमच्या पत्रात ‘कामगिरीच्या कारणावरून नोटीस न देता’ काढण्याची अट असेल तर दुसरी ओळ कोसळते आणि प्रस्ताव एकदम चांगला ठरू शकतो. म्हणून नेमणूक पत्र पहिल्या संध्याकाळीच वाचायचं.

कर वगैरे आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला. दिशा ठरवायला एवढं पुरे होतं. तिने एचआरला दोन ओळींचं उत्तर दिलं: सध्या माझं लक्ष पीआयपी पूर्ण करण्यावर आहे, या विषयावर मुदत संपल्यानंतर बोलू.

पास झाल्यावर काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. पीआयपी पार पडला म्हणजे पाटी कोरी झाली, असं बहुतेक कंपन्यांत होत नाही. त्या वर्षीचं रेटिंग तळचंच राहतं, पगारवाढ आणि बोनस जातो, काही महिने ते वर्षभर अंतर्गत बदलीसाठी अर्ज करता येत नाही. बऱ्याच ठिकाणी एका वर्षात कामगिरी पुन्हा घसरली तर नवीन पीआयपी न देता थेट बाहेर काढण्याचा नियम असतो. म्हणजे पुढचं वर्ष तुम्ही त्याच मॅनेजरच्या नजरेखाली असता, सुटकेचा मार्ग बंद ठेवून.

तिच्या मेलला एचआरने दिलेल्या उत्तरात हे सगळं लेखी होतं: पुढच्या एप्रिलपर्यंत वाढ नाही, बारा महिने बदली नाही. तिची दोन उद्दिष्टं पूर्ण झाली होती. तिसरं, ऑटोमेशनचं, दुसऱ्या टीमने टेस्ट एन्व्हायर्नमेंट वेळेत न दिल्याने अर्धं राहिलं, आणि त्याची दर आठवड्याची नोंद मेलमध्ये होती. शेवटच्या बैठकीत मॅनेजरने ‘अंशतः पूर्ण’ म्हणत महिनाभर मुदतवाढ देऊ केली. नोंदी नसत्या तर तेवढंही झालं नसतं.

ती मुदतवाढ घेऊन मुलगी राहू शकली असती. पण वर्षभर वाढ नाही, बदली नाही, आणि मॅनेजरने एन्व्हायर्नमेंटचा अडथळा एकदाही वर नेला नव्हता. तिने 4 एप्रिलला स्वतःहून राजीनामा दिला, पूर्ण 90 दिवस नोटीस देत असल्याचं आणि शेवटचा दिवस 2 जुलै असल्याचं त्यात लिहिलं. कंपनीला केटी हवी होती, त्यांनी मान्य केलं.

मला हा निर्णय बरोबर वाटतो. पण तो तिच्या आकड्यांसाठी बरोबर होता. तुमचा मॅनेजर मनापासून मदत करत असेल, कामातून शिकायला मिळत असेल, किंवा सेवेला दीडच वर्ष झालं असेल आणि बाजारात तुमच्या कामाला सध्या मागणी नसेल, तर वर्षभर वाढीशिवाय राहणं हा पूर्णपणे शहाणपणाचा पर्याय असतो. आणि जिथे रोज सर्वांसमोर अपमान होतो, रात्री झोप उडाली आहे, तिथे पावणेपाच लाखांसाठीही थांबू नका असं मी सांगेन.

एका प्रसंगात मात्र हा सगळा हिशोब थांबवून आधी कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्याबरोबर किंवा लैंगिक छळाची तक्रार केल्यानंतर पीआयपी आला असेल, तर तो केवळ कामगिरीचा विषय राहत नाही. एरवीही, जबरदस्तीने राजीनामा लिहून घेतला जात असेल तर पुण्यात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. तिथे ‘इंजिनिअर आहात, तुम्हाला कायदा लागू नाही’ असं ऐकायला मिळेल. पण ते पदाच्या नावावर ठरत नाही, तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता यावर ठरतं. अमेरिकेत एच-1बी व्हिसावर असाल तर गणित आणखी वेगळं आहे. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, त्यामुळे तिथे शेवटची तारीख पुढे ढकलून घेणं हे एकरकमी पैशांपेक्षा मोलाचं असतं.

मुलाखती कधी सुरू करायच्या

पहिल्याच आठवड्यात. पार पडण्याची खात्री असली तरीही. नव्वद दिवसांच्या नोटीसमुळे इथे बहुतेक ठिकाणी ‘लवकर येऊ शकाल का’ हाच पहिला प्रश्न असतो, आणि नोटीसवर असलेल्या उमेदवाराला म्हणूनच जास्त फोन येतात. मुलाखतीला ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या लॅपटॉपवरून बसू नका. अर्ध्या दिवसाची रजा टाका.

‘का सोडताय?’ याला खोटं उत्तर देऊ नये आणि पीआयपीची हकीकतही सांगू नये. ‘पुढच्या वर्षभरात इथे भूमिका बदलण्याची शक्यता नाही आणि मला ऑटोमेशनमध्ये जास्त काम करायचं आहे’ हे तिचं उत्तर होतं, आणि ते शब्दशः खरं होतं. थेट विचारलंच, तर दोन वाक्यांत सांगा आणि त्यातलं काय सुधारलं ते आकड्यांत सांगा.

पार्श्वभूमीची तपासणी करणाऱ्या एजन्सी साधारणपणे नोकरीच्या तारखा, पद, शेवटचा पगार आणि सोडण्याचं कारण विचारतात. त्यांच्या फॉर्ममध्ये बऱ्याचदा ‘परत घ्याल का’ असा रकाना असतो. त्यात काय लिहिलं जाईल, हे एचआरला बाहेर पडण्याआधी विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. राजीनाम्याच्या वाटाघाटीत लोक फक्त रकमेवर भांडतात. या एका रकान्यावर बोलणं जास्त उपयोगाचं असतं आणि कंपनीला त्याचा एक पैसाही खर्च येत नाही.

निघताना

फुल अँड फायनलच्या कागदावर ‘माझी कोणतीही मागणी उरलेली नाही’ असं वाक्य असतं. आकडे पडताळल्याशिवाय त्यावर सही नको: उरलेल्या रजेचे पैसे, नोटीसचा पगार, ग्रॅच्युइटी, आणि वजावटीत जॉइनिंग बोनसची वसुली शिरली आहे का. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार शेवटचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे, त्यामुळे ‘पंचेचाळीस दिवस लागतात’ हे जुनं उत्तर मुकाट्याने स्वीकारू नका. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर त्याच संहितांनुसार ग्रॅच्युइटी एका वर्षाच्या सेवेनंतरही लागू होते.

ग्रुप विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज शेवटच्या दिवसाआधी करा, म्हणजे आधीच्या आजारांसाठीचा वाट बघण्याचा काळ पुन्हा शून्यापासून मोजला जाण्याची वेळ टळू शकते. त्या मुलीने आईसाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला, आणि विमा कंपनीने मागितलेल्या तपासण्या होईपर्यंत तीन आठवडे गेले. पीएफ काढू नका, नव्या कंपनीत त्याच यूएएनवर वर्ग करा. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरली आहे का ते बघा. दोन महिने उलटूनही भरली नसेल तर पोर्टलवर जाऊन ती तुम्ही स्वतः भरू शकता.